एकशे चव्वेचाळिसावी ओळ

आमच्याकडे वधू-वर परिचय मेळावा भरतो. जालन्यात एक हॉल ठरलेला आहे, तारीख तेवढी दरवर्षी बदलते. मेळाव्याचे सचिव म्हणजे बदनापूरचे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. त्यांना सगळे सर म्हणतात, त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठी माणसंसुद्धा. मी संभाजीनगरला एका छोट्या कंपनीत प्रोग्रामर आहे, रोज बदनापूरहून रेल्वेने जातो-येतो. गावात मात्र माझी ओळख 'कंप्युटरवाला' अशी. कुणाचा प्रिंटर अडकला, कुणाच्या मोबाईलमधले फोटो उडाले की मला हाक. पहिल्यांदा मी चिडायचो, आता फक्त तोंड वाकडं करून जातो.

दोन वर्षांपूर्वी सरांनी मला बोलावलं. मेळाव्यासाठी आलेले कागदी अर्ज त्यांनी स्वतः, एकेका बोटाने, संगणकावरच्या तक्त्यात उतरवले होते. प्रत्येक अर्जाची एक ओळ. "आता ह्याची पानं बनवून दे," ते म्हणाले, "एका माणसाचं एक पान. फोटो, शिक्षण, नोकरी, अपेक्षा. मुलींची पानं मुलांच्या घरी जातील, मुलांची मुलींच्या घरी. बराबर?"

मी म्हटलं, बराबर. दोन संध्याकाळी बसून प्रोग्राम लिहिला. तक्त्याची पहिली ओळ शीर्षकांची, म्हणून दुसऱ्या ओळीपासून सुरुवात. एक ओळ वाचायची, पान बनवायचं, पुढची ओळ. मुलगा असेल तर मुलांच्या फाईलमध्ये, नाहीतर मुलींच्या. सर चहाचा कप हातात धरून एकामागून एक पानं बाहेर पडताना बघत राहिले आणि चहा गार झाला. त्या वर्षी मेळाव्यात स्टेजवर बोलावून माझा सत्कार झाला. मी नको नको म्हणत लगेच उठलो होतो.

दुसऱ्या वर्षापासून मी अर्ज ऑनलाइन केला. ज्याने त्याने मोबाईलवर भरायचा, ओळ आपोआप तक्त्याच्या तळाला जाऊन बसते. सरांची बोटं वाचली. प्रोग्राम तोच ठेवला, चालत्या प्रोग्रामला हात लावू नये असं आम्ही प्रोग्रामर लोक मानतो.

आता ताईबद्दल. माझी ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी, जवळच्याच एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ऑनलाइन अर्ज सुरू झाला त्या वर्षी बाबांनी ठरवलं की ताईचा अर्ज भरायचा, आणि ताईने ठरवलं की भरायचा नाही. अर्ज शेवटच्या दिवशी सहाला बंद होणार होता. पाचपासून बाबा तिच्यासमोर खुर्ची टाकून बसले. साडेपाचला बाबा बोलायचे थांबले, पावणेसहाला त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि सहाला पाच कमी असताना ताईने चिडून मोबाईल उचलला. अर्ज मात्र तिने नीट भरला. ती काहीही अर्धवट करत नाही, रागसुद्धा.

त्यानंतर एकही फोन आला नाही.

आमच्यात पहिला फोन मुलाकडून यायचा असतो. पान बघून ते विचारतात, मग बोलणी. इतरांना दहा-बारा फोन, कुणाला दोन, पण ताईला एकही नाही. मेळाव्याच्या दिवशी ती म्हणाली, "एक फोन न्हाई, तिथं जाऊन काय तोंड दाखवू?" आणि गेली नाही. बाबांनी मात्र ते काम सुधारणा-मोहीम म्हणून हाती घेतलं. फोटो बदलला. मग तोही बदलला. आईने सुचवलं की उंची एक-दोन सेंटीमीटर कमी लिहू, मुलगी उंच असली की मुलं बिचकतात. ताई हे सगळं ऐकून घ्यायची आणि वह्या तपासायची. वह्यांवर तिचे शेरे त्या वर्षी जरा कडक झाले होते असं मला वाटतं, पण मी त्यात लक्ष घातलं नाही. मला वाटलं, असतं एकेकाचं नशीब. हे मी मनात म्हणालो होतो, आणि आज आठवलं की स्वतःच्या कानाखाली मारावीशी वाटते.

यंदाही तोच प्रकार. शेवटचा दिवस, पाच वाजता खुर्ची, सहाला पाच कमी असताना अर्ज. बुधवारी मी फाईली पाठवून दिल्या. रविवारी मेळावा.

गुरुवारी दुपारी ऑफिसात असताना फोन आला. ताईच्याच शाळेतल्या एक मॅडम, वाटूरकडच्या. फाईलच्या शेवटी 'तांत्रिक अडचणीसाठी' म्हणून माझा नंबर असतो. त्यांच्या भावासाठी मुलींची फाईल त्यांच्या घरी गेली होती.

"दादा, एक विचारू का? राग मानू नका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तुमच्या ताईंचं पान न्हाई फाईलमधी. गेल्या वर्षीबी नव्हतं. मला वाटलं त्यांनी अर्जच न्हाई भरल्ता. पण परवा तुमच्या बाबांनी सांगितलं की भरला. ताईंना कसं विचारायचं, म्हणून तुम्हाला फोन केला."

मी म्हटलं, इंटरनेटचा प्रॉब्लेम असेल. कुठलीही गोष्ट समजली नाही की आम्ही लोक आधी हेच म्हणतो.

घरी येऊन खोलीचं दार लावलं. तक्ता उघडला. एकशे चव्वेचाळिसाव्या ओळीत ताई होती, सगळ्यात खाली, नाव-गाव-फोटोसह. म्हणजे अर्ज पोचला होता. मग मी मुलींची फाईल उघडून तिचं पान शोधलं. नव्हतं. मी पुन्हा प्रोग्राम चालवला. पुन्हा नाही. तिचा फोटो मोठा असेल म्हणून लहान केला. तिच्या पत्त्यात दोन स्वल्पविराम लागोपाठ होते, त्यातला एक काढला. आडनावानंतर एक जादा मोकळी जागा होती, तीही पुसली. दोन तास मी ताईतच खोट शोधत बसलो होतो. बाबांपेक्षा मी काही वेगळं करत नव्हतो, फक्त माझ्याकडे लॅपटॉप होता.

शेवटी वैतागून मी तिच्या खाली एक खोटी ओळ टाकली. नाव माझं, जन्मतारीख माझी, अपेक्षा 'शांतता'. प्रोग्राम चालवला.

ताईचं पान आलं. माझं आलं नाही.

मग माझी ओळ पुसली, चालवला, तर ताई गेली. पुन्हा टाकली, ताई आली. म्हणजे ताईत काही नव्हतं. जो कोणी तळाशी असेल तो गळत होता. मी प्रोग्राम उघडून ती ओळ बघितली, जी मीच लिहिली होती: दोनपासून सुरू कर, आणि आकडा शेवटच्या ओळीपेक्षा लहान आहे तोवर चालू ठेव. लहान आहे तोवर! शेवटची ओळ एकशे चव्वेचाळीस, म्हणजे प्रोग्राम एकशे त्रेचाळिसाव्या ओळीचं पान बनवून खुशाल थांबत होता. '<' च्या जागी '<=' पाहिजे होतं. लहान किंवा तेवढाच. एक बरोबरचं चिन्ह. दोन्ही वर्षी ताई शेवटच्या पाच मिनिटांत अर्ज भरत होती, दोन्ही वर्षी ती तळाला होती, आणि दोन्ही वर्षी मी तिला गाळलं होतं.

तेव्हा मी गेल्या वर्षीचा तक्ताही उघडून तिच्या दोन्ही ओळी पहिल्यांदा नीट वाचल्या. गेल्या वर्षी अपेक्षेच्या रकान्यात तिने पाच गोष्टी लिहिल्या होत्या: निर्व्यसनी, वाचणारा, माझी नोकरी चालू राहील, हुंडा विषयच नाही, आणि बोलताना समोरच्याचं ऐकणारा. यंदा लिहिलं होतं, 'काही नाही'. मला रडू आलं. प्रोग्रामर असलो तरी लपवत नाही.

शुक्रवारी सुट्टी टाकून सकाळीच सरांकडे गेलो. ते अंगणात रोपांना पाणी घालत होते. सगळं सांगितलं. त्यांनी पाइप खाली ठेवला.

"पण पहिल्या वर्षी तर कुणी राह्यलं न्हाई. मी स्वतः मोजली पानं."

"तुमच्या तक्त्यात तळाला 'एकूण' अशी ओळ होती, सर. तिचं पान निघू नये म्हणून मी एक ओळ आधी थांबलो होतो. मुद्दाम. ऑनलाइन झाल्यावर 'एकूण' गेलं, आणि थांबणं तसंच राहिलं."

सर एकदम ताठ झाले. चाळीस वर्षं हजेरीपट लिहिलेला माणूस. "म्हणजे चूक 'एकूण' काढल्याची हाये! यादी केली की खाली रेघ मारायची, एकूण लिहायचं, सही करायची. ते राह्यलं म्हणून पोरगी राह्यली. तुला शाळेत हेच शिकवलं का मी?"

मी म्हटलं, सर, मी आता प्रोग्राम बदलतो, 'एकूण'ची गरज नाही. ते "बरं बरं" म्हणाले. ते बरं बरं मला ओळखू यायला पाहिजे होतं. शाळेत असतानाही ते असंच बरं बरं म्हणायचे आणि नंतर स्वतःच्या मनाचं करायचे.

मी घरी येऊन '<' चं '<=' केलं. माझी खोटी ओळ पुसली आहे ना, ते तपासलं. त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे सर अंगणात बसून मोबाईलवर तोच तक्ता उघडत होते, कारण मीच त्यांना त्यात लिहायची परवानगी दिली होती. एकाच भोकाला आम्ही दोघं दोन बाजूंनी ठिगळ लावत होतो.

जेवण झाल्यावर मी प्रोग्राम चालवला. फाईलमध्ये ताई होती! मी पानं मोजली, या वेळी खरंच मोजली. दोन्ही फाईली मिळून एकशे चव्वेचाळीस. गुरुवारी तक्त्यात एकशे चव्वेचाळीस ओळी बघितल्या होत्या, आज एकशे चव्वेचाळीस पानं. बराबर. त्यातली पहिली ओळ शीर्षकांची असते, म्हणजे माणसं एकशे त्रेचाळीस, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. एकाने चुकल्याचं दुरुस्त करताना मी पुन्हा एकाने चुकलो. 'दुरुस्त यादी' असं ठळक लिहून मुलांच्या सगळ्या घरी पाठवून दिली आणि दोन वर्षांत लागली नव्हती अशी झोप काढली.

शनिवारी सकाळी सरांचा फोन. "जल्दी ये," एवढंच.

गेलो तर सर ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "अरे, सकाळपासून लोकं मला फोन करून राह्यले. म्हणतात मुलगी कुठली? मी म्हटलं कुठली मुलगी? तर म्हणतात, एकूण."

मी मोबाईलवर फाईल उघडली. शेवटचं पान. नाव: एकूण. उंची: १४३ सेंमी. जन्मतारीख, शिक्षण, नोकरी, अपेक्षा, सगळं कोरं. संपर्क: सरांचा मोबाईल नंबर.

सरांनी तळाला 'एकूण' लिहिलं होतं. मोबाईलच्या लहान पडद्यावर आकडा भलत्याच चौकटीत गेला आणि ती नेमकी उंचीची निघाली. खाली सही करायची सवय, पण तक्त्यात सही होत नाही, म्हणून सहीऐवजी नंबर. मुलगा की मुलगी हा रकाना त्यांनी मोकळा सोडला होता, आणि मुलगा नसेल ती मुलगी, असं मीच प्रोग्रामला शिकवलं होतं.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. सरांनी स्पीकर लावला. वडीगोद्रीहून एक बाई बोलत होत्या.

"जय भीम सर. ते एकूण म्हणून पोरगी हाये ना, तिच्यासाठी फोन केल्ता. नाव जरा येगळंच हाये, पण नावाचं काय एवढं. उंची कमी हाये, पण आमचा पोरगाबी काही लई उंच न्हाई. शिक्षण लिवलं न्हाई म्हंजे कमीच असंल, आमची हरकत न्हाई. अपेक्षा कायबी न्हाई तिची, ते आम्हाला लई आवडलं."

"अहो, ती मुलगी न्हाई!" सर ओरडले.

"असू द्या सर," बाई शांतपणे म्हणाल्या, "लग्न झाल्तं का आधी? आमची त्याचीबी हरकत न्हाई."

तासाभरात 'एकूण'ला सहा स्थळं आली. मी हसता हसता खाली बसलो, सरसुद्धा धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. मग ते अचानक माझ्याकडे वळले.

"तिला सांगितलंस का?"

माझा बेत असा होता की दुरुस्त यादी जाईल, फोन यायला लागतील, आणि यंदा ताईचं नशीब उघडलं असं सगळे समजतील. कुणालाच काही कळायला नको.

"तू आज सांग," सर म्हणाले. "न्हाई तर उद्या मी स्टेजवरून सांगतो. चूक माझ्या मेळाव्याची हाये."

आधी तिथंच बसून प्रोग्राम नीट केला. शेवटच्या ओळीपर्यंत जायचंच, पण जन्मतारीख नसेल त्या ओळीचं पान बनवायचं नाही. म्हणजे 'एकूण' राहील, सरांचं मनही राहील, आणि तळाला कोणीही असलं तरी गळणार नाही. पानं छापून ओसरीवर मांडली आणि आम्ही दोघांनी वेगवेगळी मोजली. एकशे त्रेचाळीस. सरांनी खाली रेघ मारून सही केली. तिसरी यादी गेली, सोबत एक ओळ: 'एकूण यांचे पान चुकून छापले गेले, क्षमस्व.' त्यावरही एकाने विचारलं, म्हणजे जमलं का त्यांचं?

शनिवारी ताईची सकाळची शाळा असते. ती घरी आली तेव्हा मी दारातच उभा होतो. तिने चपला काढायच्या आत मी सगळं सांगून टाकलं. दोन वर्षं, शेवटची ओळ, बरोबरचं चिन्ह, सगळं. ती एक चप्पल हातात धरून ऐकत होती. मला वाटलं, ती चप्पल आता कामाला येणार.

"म्हणजे गेल्या वर्षी माझं पान कुणी पाह्यलंच न्हाई?"

"न्हाई."

"एकानंबी न्हाई?"

"न्हाई ताई. गेलंच न्हाई कुठं."

"मंग मला कुणी नापसंत केलं न्हाई."

मी मान हलवली. ती पायरीवर बसली. आधी हसली, मग रडली, मग माझ्या पाठीत एक जोरदार धपाटा घातला, मग पुन्हा रडली. "वर्षभर मी आरशात बघून राह्यले, की माझ्यात नेमकं काय वाईट हाये," ती म्हणाली. "आणि तू शेजारच्या खोलीत गाणी ऐकत बसलास!" मी माफी मागितली. तिने लगेच माफ केलं नाही, आणि तेच बरं झालं. आतून बाबा येऊन विचारायला लागले काय झालं, तर ती म्हणाली, "काही न्हाई बाबा, तुमचा फोटो बराबर होता. तिन्हीच्या तिन्ही." बाबांना काही कळलं नाही, पण कौतुकच असेल असं समजून ते खूश झाले.

मग तिने माझा लॅपटॉप ओढून घेतला, आपल्या ओळीत जाऊन 'काही नाही' पुसलं आणि जुन्या पाच अपेक्षा लिहिल्या. खाली सहावी टाकली: 'मोजता येणारा'. मी निमूटपणे चौथी यादी पाठवली. मुलांच्या घरचे लोक तोवर माझ्या नंबराला वैतागले होते.

रविवारी ती मेळाव्याला आली. सरांनी सगळ्यांना बोलावून झाल्यावर शेवटी तिला बोलावलं, आणि हिच्याच भावाच्या प्रोग्राममुळे हिचं पान दोन वर्षं राह्यलं, असं माईकवर स्पष्ट सांगितलं. दोन वर्षांपूर्वी ज्या स्टेजवर माझा सत्कार झाला होता त्याच स्टेजकडे बघत मी खुर्चीत खाली खाली सरकत होतो. ताई मात्र दीड मिनिट छान बोलली. चार-पाच घरच्यांनी नंबर घेतले.

सोमवारी संध्याकाळी मी रेल्वेतून उतरून घरी आलो तर ती मोबाईल घेऊन दारातच आली. परभणीकडच्या एका घराचा निरोप होता. तिने मला मोठ्याने वाचून दाखवला: पान नीट वाचलं, फोटो पाहिला, मेळाव्यात ऐकलंही, पण मुलाला इतकी उंच मुलगी नको, तरी राग नसावा.

मी म्हटलं, "जाऊ दे ताई."

"जाऊ दे काय?" तिचा चेहरा असा फुलला होता की मी दोन वर्षांत पाहिला नव्हता. "अरे, नकार हाये! पाहून, वाचून दिलेला खरा नकार!" आणि ती तो निरोप दाखवायला आईकडे स्वयंपाकघरात पळाली.